डिझेल प्यालेले शेत

शिरोलीजवळ महामार्गावर टँकर उलटला, तेव्हा पिराजी पाटलांच्या उसाला पाणी चालू होते. डिझेल त्या पाण्यावर पसरत सरीसरीतून शिरले आणि दुपारच्या उन्हात अर्धे रान मोरपिसासारखे चमकू लागले. ते भीषण होते, आणि बातमी ऐकून पाहायला आलेल्या मीनाक्षी रुईकरांना ते सुंदर वाटले. आपल्याला असे वाटावे याची त्यांना लाजही वाटली.

मीनाक्षीबाई कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. तेल खाणाऱ्या जंतूंविषयी त्यांनी परदेशातले लेख वाचले होते आणि उद्यमनगरातल्या गॅरेजांपुढच्या काळ्या मातीतून तसले जंतू वेगळेही केले होते. विभागप्रमुखांनी त्यावर एवढेच विचारले होते, "ज्या गावाला समुद्र नाही, तिथं तेलगळतीचं संशोधन कशाला?" ज्ञानाचा दरवाजा राखायला आपल्याकडे नेहमी असाच माणूस नेमतात. टँकरचा मालक पंचनामा झाल्यावर फिरकला नाही, आणि तहसील कचेरीने 'योग्य ती कार्यवाही चालू आहे' असे कळवले. म्हणजे काहीच चालू नव्हते.

ऊस करपला तसा पिराजींनी मात्र निकाल लावला होता. होळी झाली की वरची हातभर माती खरवडून जोतीराम कुंभाराच्या वीटभट्टीला द्यायची.

"त्येलकट माती भाजती झकास," जोतीराम म्हणाला.

"ही माती व्हायला हजारो वर्षं लागली आहेत," बाई म्हणाल्या. "तोवर मला करू द्या."

"करा की. पर होळीपतोर," पिराजी म्हणाले.

बाईंनी प्रयोगशाळेत जंतू वाढवले. ज्या क्षारांच्या द्रावणात ते वाढले, ते द्रावण शिस्तीप्रमाणे काढून टाकले, जंतू पुन्हापुन्हा धुतले आणि निव्वळ जंतू घागरींतून शेतावर शिंपडले. पिराजींच्या खोपीत युरिया आणि सुपर फॉस्फेटची पोती थप्पीला होती. त्यांना हात लावायचा नाही, असे बाईंनी बजावले. प्रयोगात भेसळ नको होती.

मग त्या बांधावर बसून राहात. डोळे अर्धवट मिटले की मातीच्या कणाकणाभोवती तेलाचा पातळ पडदा दिसे आणि त्याच्या काठाशी टेकलेले असंख्य जीव, अंधाऱ्या तळ्याच्या काठी जमलेल्या गावासारखे. जणू सारे शेत संथपणे श्वास घेत होते. डोळे उघडले की डिझेलचा तोच दर्प. पाणी शिंपडले की मातीत न मुरता थेंबाथेंबाने घरंगळे.

पिराजींची बायको बयाबाई भाकरी घेऊन येई. एके दिवशी तिने विचारले, "बाई, तुमचं पावणं जेवत्यात का उपास धरत्यात?"

"जेवायला हवेत. एवढं तेल समोर आहे."

"निस्त्या त्येलावर कोण जेवतंय, बाई?" बयाबाई हसत सुटली. चेष्टाच होती ती. उत्तर तिला ठाऊक नव्हते आणि नकोही होते.

होळी दोन आठवड्यांवर आली तरी दर्प हटेना, आणि बयाबाईची चेष्टा बाईंच्या डोक्यातून जाईना. बाईंनी शेतातल्या न शिंपडलेल्या कोपऱ्यातली माती, बाहेरचा एकही जंतू न घालता, दोन चंबूंत डिझेल आणि पाण्याबरोबर ठेवली. एकात नेहमीचे क्षार घातले, दुसऱ्यात घातले नाहीत. काही दिवसांत पहिला चंबू गढूळला आणि त्यातला तेलाचा तवंग फुटून विरू लागला. दुसरा जवळपास होता तसाच, तवंगासकट.

बाईंनी तो दुसरा चंबू उजेडाला धरला. जंतू मातीत मुळातच होते. तेलात कार्बन उदंड, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाही. नत्रावाचून प्रथिने होत नाहीत, स्फुरदावाचून पेशी दुभंगून वाढत नाही. जे त्यांना हवे होते तेच, क्षारांतले नत्र-स्फुरद, आपण धुऊन गटारात सोडले. आणि तेच खोपीत, युरिया-फॉस्फेटच्या पोत्यांत पडून होते.

त्या धावतच शेतावर पोचल्या. पण भट्टीचे काम होळीआधीच निघाले होते आणि जोतीरामाच्या बैलगाड्यांनी डिझेल मुरलेल्या रानातली निम्मी माती उचलली होती.

"थांबवा, पाटील! खत टाका. थोडं थोडं, एकदम नको. ओल ठेवा आणि कुळव फिरवत राहा, त्यांना हवाही लागते."

"पोळलेल्या रानात खत?" पिराजी म्हणाले. मग हात वर करून त्यांनी गाड्या परत फिरवल्या.

उन्हाळाभर उरलेल्या पट्ट्यात कुळव फिरला. ऊन तापत गेले तसा दर्प विरत गेला. थोडे डिझेल वाऱ्यावर गेले असेल. उरलेले मातीने मुकाट्याने संपवले. जड, काळसर अंश काही राहिला, पण पाणी मुरू लागले. पावसापूर्वी पेरलेला ताग पोपटी उगवून आला आणि सकाळच्या धुक्यात तो पट्टा जमिनीपासून किंचित वर तरंगल्यासारखा दिसे.

शेजारी खरवडलेला पांढरट मुरूम होता.

पिराजी तागातून हात फिरवत आले. आभार मानले नाहीत.

"बाई, ही पोती माझ्याच खोपीत हुती. मग आदी का न्हाय सांगितलं?"

मीनाक्षीबाईंनी मुरुमाकडे पाहिले. "मला आधी कळलं नाही, पाटील," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून तागाच्या मुळाशी माती हाताने सारू लागल्या.