आधी बाजूला

आमच्या वहिनीला मी ‘बाजूबाई’ म्हणतो. तिला राग येत नाही, म्हणून अजून म्हणतो.

वहिनी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. नोकरी नाही, पगार नाही. काम आलं की करायचं, बिल पाठवायचं आणि मग देवाचं नाव घेत बसायचं. मीही त्याच जातकुळीतला. लोकांचे व्हिडिओ जोडून देतो. पुढच्या खोलीत खिडकीजवळ तिचं टेबल, भिंतीकडे माझं. त्यामुळे तिच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा आवाज आला की पुढे काय होणार हे मला तोंडपाठ आहे. ब्रश पाण्यात जातो, हात फडक्याला पुसले जातात आणि बाईसाहेब फोन हातात घेऊन म्हणतात, “आधी बाजूला.”

म्हणजे काय, ते सांगतो. तिची दोन वेगळी खाती आहेत. त्यांचं कार्ड नाही, त्यांवरून काही खरेदी होत नाही. शंभर रुपये आले की त्यातले तीस एका खात्यात ‘सरकारचे’ म्हणून जातात आणि पंधरा दुसऱ्यात ‘उशिराचे’ म्हणून. नोकरदाराचा कर दर महिन्याला पगारातूनच कापला जातो, त्याला डोकं लावावं लागत नाही. आमच्यासारख्यांनी वर्षभराच्या कमाईचा अंदाज बांधून कर आधीच, चार हप्त्यांत भरायचा. कमी भरला तर वर व्याज. ‘सरकारचे’ म्हणजे त्या हप्त्यांचे. आणि ‘उशिराचे’ म्हणजे बिलं थकवणाऱ्या मेहेरबानांच्या नावाने. उरलेल्या पंचावन्नांतून ती कागद, रंग घेते आणि एक तारखेला घरात ठरलेली रक्कम देते. त्याला ती स्वतःचा पगार म्हणते. काम जोरात असलं तरी तेवढाच, मंदीतही तेवढाच. कमी पडलं तर ‘उशिराच्या’मधून भर घालते आणि मागचं बिल आलं की पहिल्यांदा तो खड्डा बुजवते. ‘सरकारच्या’ला मात्र हात नाही. आमच्या दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकदा फ्रिज बंद पडला तेव्हा “तिथून घेऊ की, मग टाकू परत” असं म्हणून पाहिलं होतं. ती म्हणाली, “ते आपले नाहीतच. शेजाऱ्यांच्या कपाटातून घेशील का?” पुढचा महिनाभर दूध आम्ही रोजच्या रोज आणलं, पण फ्रिज पगारातूनच दुरुस्त झाला.

मला हे सगळं फार चिकट वाटायचं, खोटं कशाला बोलू? माझ्याकडे पैसे आले की ते कुठे जातात, ते पैशांनाच माहीत.

तर वहिनीची एक कोंबडी आहे. चित्रातली. पायात मोठाले गमबूट, चालताना नेहमी एक बूट मागे राहिलेला. पहिलीच्या मुलांच्या वाचनपुस्तकात ती पहिल्यांदा आली आणि पोरं तिच्यावर लट्टू झाली. आमच्या आईला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण तीसुद्धा नवीन पुस्तक आलं की विचारते, “या वेळी कुठला बूट राहिला गं?” त्याच पुस्तकांत चष्मा लावणारा एक बेडूक असतो. तो काढणारा चित्रकार वहिनीपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, वाळलेला, भला माणूस. आम्ही त्याला बेडूकराव म्हणतो. दोघांनीही प्रकाशकाला चित्रं वापरायची परवानगी दिलेली ती एकेका पुस्तकापुरती. कोंबडी वहिनीची, बेडूक बेडूकरावांचा.

प्रकाशकाकडे चित्रकारांची कामं पाहणारा एक साहेब होता. इतकं गोड बोलायचा की फोन ठेवल्यावर पाणी प्यावंसं वाटे. मी त्याला गोडबोल्या म्हणायचो. गेल्या वर्षी या गोडबोल्याने बिलं थकवायला सुरुवात केली. आधी म्हणे सही राहिली आहे, मग सही करणारे रजेवर, मग नवीन संगणक बसतोय. वहिनीची तीन पुस्तकांची बिलं अडकली. तिचं निम्मं काम त्यांचंच. ‘उशिराच्या’ खात्यात तिने सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढं साठवलं होतं. ते दर एक तारखेला उतरत चाललं. घरात पगार वेळेवर येत होता, म्हणून आईला पत्ताच नव्हता. मला होता. मी शेजारीच बसतो ना.

हप्त्याची वेळ आली. वहिनी कर सल्लागार बाईंकडे निघाली, मीही सोबत गेलो. या बाई तळमजल्यावरच्या एका खोलीत बसतात, दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. त्यांनी वर्षाची कमाई मांडली, खर्च वजा केला, काही क्लायंट कर कापूनच पैसे देतात तो वजा केला. अडकलेली तीन बिलंही त्यांनी कमाईत धरली. माझं डोकंच फिरलं.

“अहो, जे पैसे आलेच नाहीत त्यांच्यावर कर?”

“वर्ष संपायच्या आत येणार असतील तर धरायलाच हवेत,” बाई म्हणाल्या. “धरले नाहीत आणि आले, तर हा हप्ता कमी भरला म्हणून व्याज लागेल. नाहीच आले तर शेवटच्या हप्त्यात तेवढं कमी करू.”

“येतील,” वहिनी म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली कोण जाणे! तिथल्या तिथे फोनवरून तिने हप्ता भरून टाकला, मुदतीला अजून आठवडा होता तरी. तीसचे तीस कधीच लागत नाहीत, थोडे जास्तच ठेवते ती. म्हणून जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोडबोल्याचा फोन. वहिनीचे हात रंगात होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

“मॅडम, आनंदाची बातमी! तुमची तिन्ही बिलं उद्याच सोडतो. फक्त एक छोटा करार पाठवलाय, सही करून द्या.”

तो बोलत असतानाच मी वहिनीच्या मेलमधला करार उघडला. जुनी बिलं आणि वर थोडी रक्कम, त्या बदल्यात कोंबडी कायमची त्यांची. तिची पुस्तकं, दप्तरं, खेळणी काय वाट्टेल ते करतील, चित्रं कुणाकडूनही काढून घेतील. वहिनीला विचारायचीसुद्धा गरज नाही.

“बिलं तर झालेल्या कामाची आहेत,” वहिनी म्हणाली. “त्यांचा आणि कोंबडीचा काय संबंध?”

“संबंध तसा काही नाही हो. पण एकत्र फाईल गेली की लवकर सुटते.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणतो, “आणि मॅडम, कराचा हप्ताही जवळ आलाय ना? मला तुमची काळजी वाटते. सगळ्या चित्रकारांची धावपळ चाललीय या आठवड्यात.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेल्याने तारीख बघून जाळं टाकलं होतं! महिनोन्‌महिने बिलं दाबायची आणि माणूस हप्त्यासाठी पैसे शोधत फिरत असेल नेमका तेव्हा कागद पुढे करायचा. मी खुर्चीतून उठलो. वहिनीने ब्रशनेच मला खाली बस अशी खूण केली.

“हप्ता कालच भरला,” ती म्हणाली.

गोडबोल्याकडचं गोड संपलं बहुतेक.

“कोंबडी विकायची नाही,” ती पुढे म्हणाली. “बिलं रीतसर सोडा. नव्या पुस्तकाची परवानगी बिलं आल्यावर.”

फोन ठेवून तिने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. ‘उशिराच्या’ खात्यात जेमतेम दीड महिन्याचं उरलं होतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, गोडबोल्याला माहीत नव्हतं. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी चहा केला.

त्याच संध्याकाळी बेडूकराव आले. बसलेही नाहीत.

“मी सही केली, ताई,” ते म्हणाले. “हप्ता भरायला काहीच नव्हतं. जे आलं ते भाड्यात आणि दवाखान्यात गेलं. बाजूला टाकायचं दर वेळी म्हणायचो, राहूनच जायचं.”

वहिनीने विचारलं, “मला फोन का नाही केला?”

“लाज वाटली हो,” ते म्हणाले आणि चपला घालून निघाले. वहिनीने जेवायला हाक मारली तेव्हा ते कोपऱ्यावरून वळलेही होते.

पुढचा दीड महिना आमच्या घरात कुणी कुणाशी चिडून बोललं नाही, इतके सगळे धास्तावलेले होते. दादा बसने जाऊ लागला. वहिनीने लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, मिळेल ते घेतलं. ‘उशिराचं’ खातं तळाला लागलं. आणि मग छपाईची वेळ आली. पहिलीच्या नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कोंबडी होती आणि कोंबडीच्या मालकिणीची परवानगी नव्हती. शाळांची मागणी तर येऊन पडलेली. तिन्ही बिलांचे पैसे एकाच दुपारी आले.

फोन वाजला, वाजला, वाजला! आई आतून धावत आली. मी म्हटलं, “वहिनी, आज तरी हॉटेलात चल!” तिने हात पुसले.

“आधी बाजूला.”

तीस इकडे, पंधरा तिकडे, मग ‘उशिराच्या’चा खड्डा बुजवला. उरलं काय? ठरलेला पगार आणि वर थोडेसे. त्यात आम्ही चौघं जेवून आलो. शेवटच्या हप्त्यात सल्लागार बाईंना काही बदलावंसुद्धा लागलं नाही.

नवीन पुस्तक आलं तेव्हा बेडूकरावांना वहिनीनेच बोलावलं. त्यांनी पान उघडलं. बेडूक होता, चष्माही होता. दुसऱ्याच कुणीतरी स्वस्तात काढलेला. बेडूकरावांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

“हा चष्म्यावरून बघतोय,” ते म्हणाले. “माझा चष्म्यातून बघायचा. त्याला जवळचं दिसत नाही ना.”

आई त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

वहिनीने कोरा कागद त्यांच्यासमोर सरकवला. “मला दुसऱ्या एका प्रकाशकाचं मोठं काम आलंय. एकटीने होणार नाही. प्राणी सगळे तुम्ही काढायचे, नाव दोघांचं, चित्रं ज्याची त्याची.”

“प्रकाशक पैसे कधी देणार?” त्यांनी भीत भीत विचारलं.

“त्यांचं ते देतील तेव्हा देतील. तुम्हाला मी देणार आहे.” आणि तिने तिथेच ‘उशिराच्या’ खात्यातून पहिल्या कामाचे पैसे त्यांना पाठवले.

बेडूकरावांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढून पाहिला, डोळे पुसले आणि घाईघाईने खिशात ठेवायला लागले. कदाचित भाडं आठवलं असेल.

“अंहं,” वहिनीने त्यांचा हात धरला आणि आपल्या शेजारची खुर्ची ओढली. “बसा. वेगळं खातं उघडू या. आधी बाजूला.”