वेळ मिळाला तर

मानपाड्याला रिक्षा वळली आणि रंगाच्या कारखान्यांचा तो आंबूस वास नाकात शिरला, की मला इंग्लंडमधला एक साहेब आठवतो. रंग बनवणाऱ्या आमच्या लहानशा कंपनीचा जवळजवळ सगळा माल तोच घ्यायचा आणि त्याच्या ईमेलना उत्तरं मी द्यायचो. एकदा त्याने इंग्रजीत लिहिलं, 'वेळ मिळाला, तर लाल रंग पुन्हा एकदा तपासून बघता येईल का?' माणूस मोकळेपणाने विचारतोय, म्हणून मीही मोकळेपणाने कळवलं, 'गरज नाही. रंग बरोबर आहे.' पुढची ऑर्डर आलीच नाही. मालकांनी तो ईमेल वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे, तो विचारत नव्हता रे, सांगत होता! आपण 'परत तपासा, आजच कळवा' म्हणतो ना, तेच तो असं म्हणतो. आणि तू त्याला चक्क नाही म्हणालास!" मी लगेच माफी मागितली. उत्तर फार गोड आलं: काही हरकत नाही, पुढे कधीतरी पुन्हा एकत्र काम करायला नक्की आवडेल. मी धावत जाऊन मालकांना ते वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "संपलं." आता आमच्या गेटला कुलूप आहे, वास येतो तो शेजारच्या कारखान्याचा.