खोली पंधरा

आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत त्यांना सगळे टनकाका म्हणत. चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या, जमिनीला जिप्सम किती टन टाकायचं, हा आकडा एकोणतीस वर्षं त्यांनीच काढला. तोंडी. मी शेजारच्या टेबलावर मातीतलं सोडियम मोजायची आणि कागद त्यांच्याकडे सरकवायची. मी चष्मा पुसेपर्यंत त्यांचं उत्तर तयार. कॅल्क्युलेटर दिला तर म्हणायचे, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" माणूस प्रेमळ होता, पण गर्विष्ठ. मला त्यांचा रागही यायचा, हे आधीच सांगून टाकते.

त्यांना बायको-मुलं नव्हती. होती ती एक थोरली बहीण, चौसष्ट वर्षांची. त्यांना तिनेच वाढवलेलं. तिची अडीच एकर जमीन चोपण होती. वरून पांढरट, ओली झाली की साबणासारखी, वाळली की दगड. तिला तिथे लिंबाची बाग लावायची होती. त्या वर्षी कालव्याचं भरपूर पाणी मिळणार होतं, मग दुरुस्तीसाठी कालवा सहा वर्षं बंद. जिप्सम टाकून वर पाणी भरायचं, म्हणजे त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जातं. पाण्याविना जिप्सम म्हणजे नुसती पांढरी धूळ. तेव्हा तिला संधी एकच होती.

तिने फूटभर खणून नमुना आणला. झाडाची मुळं खोल जातात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आवक खिडकीवरच्या मुलीने अर्ज भरला आणि कागद आमच्याकडे आला. मातीची कॅल्शियम-सोडियमसारखे कण धरून ठेवायची ताकद चाळीस, त्यातले तीस टक्के सोडियमने अडवलेले. ते दहावर आणायचे, म्हणजे चाळीसचे वीस टक्के, आठ. खोलीच्या रकान्यात पंधरा. टनकाका म्हणाले, "साडेचौदा टन. शुद्ध मालाचा हिशेब, भेसळ असेल तर वर भर. आपल्या ताईचं काम आहे, चोख झालं पाहिजे."

तिने तेवढंच आणलं, वरच्या सहा इंचांत मिसळलं, पाणी भरलं. कालवा बंद झाल्यावर विहिरीच्या जेमतेम पाण्यावर रोपं लावली. पहिली पालवी पाहून काकांनी प्रयोगशाळेत सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपल्या. तिसऱ्या वर्षी बाग उभीच्या उभी वाळली.

काका रजा टाकून शेतावर गेले, मलाही नेलं. एवढ्या वर्षांत ते नमुन्याच्या शेतात पहिल्यांदाच उतरत होते. त्यांनी स्वतः कुदळ मारली. वरची सहा इंच माती भुसभुशीत, छान. त्याखाली कुदळ टणकन वाजली. खड्ड्यात पाणी ओतलं तर तसंच उभं राहिलं. मुळं तिथपर्यंत जाऊन आडवी वळून कुजली होती.

"ताई, तू किती खणून माती दिली होतीस?"

"फूटभर. खिडकीवर सांगितलंही होतं."

परत आल्यावर आम्ही जुने अर्ज काढले. प्रत्येकावर खोली पंधरा. भाजीवाल्याचा असो की फळबागवाल्याचा, पंधराच. मी आवकवालीला विचारलं. ती म्हणाली, "मग काय लिहू? नमुने पंधरा नंबरच्या खोलीतच ठेवतो ना आपण?"

मला हसू फुटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. बहुतेक पिकांना पंधरा सेंटीमीटरच धरतात, म्हणून चूक वर्षानुवर्षं बरोबर निघत होती. जुन्या अर्जावर 'खोली, सेंटीमीटर' असं छापलेलं असायचं. नवा अर्ज काकांनी आखला होता. जागा वाचवायला 'सेंटीमीटर' त्यांनीच उडवलं होतं, "एवढं कुणाला कळत नाही?" म्हणून. पोरीला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांना माझ्याकडे बघवतही नव्हतं.

रविवारी आम्ही पुन्हा ताईंकडे गेलो. काकांनी सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. "फुटाला एकोणतीस टन लागत होतं. मी निम्म्यावर सोडलं. हिशेब बरोबर होता गं, आकडाच मातीच्या खोलीचा नव्हता."

ताई लिंबाची वाळलेली झाडं उपटत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"मग खालच्या सहा इंचांना आता किती?"

"तेवढंच. साडेचौदा."

"आणून टाकू?"

काका म्हणाले, "पाणी कुठाय, ताई? कालवा सुटायला अजून तीन वर्षं. मग सोडियम निघायचं, मग रोपं, मग फळ धरायला चार वर्षं."

ताई बोटांवर मोजू लागल्या. दुसऱ्या हातावर गेल्या, मग मोजणं सोडून दिलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू आलास ना, हे टोक धर. एकटीला ओढत नाही."

काकांनी झाडाचं दुसरं टोक धरलं. संध्याकाळपर्यंत दोघं झाडं ओढत राहिली, आणि मला मदतीला कुणी बोलावलं नाही.