दोघींच्या सह्यांचं खातं

माझ्या कमाईचं एक खातं असं आहे, की त्यातून एक रुपया काढायचा तरी सासूबाईंची सही लागते. हे ऐकून मैत्रिणी आधी हसतात, मग माझ्याकडे काळजीने बघतात. एकीने तर हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? अगं, ठीक नसायला काय झालं! ही अक्कल माझी मीच चालवली आहे, आणि तीही शुद्धीवर असताना.

मी ड्रॉइंग्ज करते. कारखान्यात यंत्रावर भाग घट्ट धरून ठेवायला जी लोखंडी साधनं लागतात, त्यांना फिक्श्चर म्हणतात, त्यांची. आधी अंबडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत हेच काम पगारावर करत होते. मग नोकरी सोडली आणि देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत, संगणक मांडून स्वतःचं सुरू केलं. पहिल्या वर्षी काम भरपूर आलं आणि मी हवेत गेले. बिल पाठवलं की पैसे आलेच असं समजायचे. जे खरोखर यायचे ते सगळे माझेच असं समजायचे. पगार होता तेव्हा कर कापूनच हातात पडायचा, त्यामुळे कर नावाची गोष्ट आपण स्वतः बाजूला काढायची असते हे डोक्यातच नव्हतं. घरात नवा फ्रिज आला, लेकीला सायकल आली, नवऱ्याला वाढदिवसाला घड्याळ.

मार्चमध्ये सीएकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे तीन हप्ते चुकलेत. काही जणांनी टीडीएस कापलाय, पण बाकी छोट्या कारखान्यांनी कापलेलाच नाही. तो कर तुम्हीच भरायचा असतो." आणि त्याने आकडा सांगितला. वर व्याज. खात्यात त्याच्या निम्मेही नव्हते, कारण तीन कारखान्यांनी माझी बिलं दाबून ठेवलेली. शेवटी लेकीच्या नावाने ठेवलेली एफडी मोडली.

त्या रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर रडले आणि रडता रडता बोलून बसले, "अजून एक वर्ष. पुन्हा अशी वेळ आली तर मी मुकाट्याने नोकरीवर जाईन." जुन्या साहेबांनी तशी जागा ठेवलीच होती. नवरा म्हणाला, "होईल गं सगळं." तो नेहमी हेच म्हणतो. सासूबाई दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाल्या, "तुझा हात सैल आहे. आणि माझ्या लेकाचा तुझ्याहून सैल."

खरंच होतं ते! म्हणून मीच म्हटलं, आई, आपण दोघींच्या नावावर खातं काढू. दोघींच्या सह्या असल्याशिवाय पैसे निघायचे नाहीत असं. नवऱ्याला घेतलं असतं तर त्याने मागे वळून न बघता सही ठोकली असती. सासूबाईंनी तीस-पस्तीस वर्षं पोस्टात बचत खात्याच्या काउंटरवर काढलेली. सही जराशी जरी वेगळी दिसली की फॉर्म परत! "सही जुळत नाही, पुन्हा करा," हे त्यांचं वाक्य सगळ्या कॅम्पात माहीत होतं. अजूनही बाजारात एखादे निवृत्त सुभेदार भेटतात आणि हसत सांगतात, बाईंनी मला माझ्याच पैशांसाठी तीनदा परत पाठवलं होतं. सासूबाईंना त्याचा भलताच अभिमान.

मग आमची पद्धत बसली. बिलाचे पैसे ज्या दिवशी खरोखर येतील त्याच दिवशी त्यातला ठरलेला हिस्सा या खात्यात जायचा. पासबुकावर सासूबाई पेन्सिलीने दोन खुणा करायच्या. एक हिस्सा सरकारचा: जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, त्या त्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरायचा, त्याला इतर कशासाठीही हात लावायचा नाही. दुसरा आमचा: गिऱ्हाइकांनी पैसे लांबवले की घरखर्चातला माझा वाटा त्यातून उचलायचा. जूनचा हप्ता वेळेत गेला, सप्टेंबरचाही गेला. पावती फोनवर आली की मी ती देवासमोर ठेवायचे, लेक म्हणायची, आई, टॅक्सला कोण कुंकू लावतं!

आणि मग गणपतीनंतर माझ्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने हात आखडला. अंबडचाच कारखाना. काम रोज हवं, पैसे पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा म्हणजे नेमका कुठला हे काही कळेना. नोव्हेंबर सरत आला तसा माझ्या चालू खात्यात खडखडाट झाला. मी चेक लिहिला, माझी सही केली आणि सासूबाईंसमोर ठेवला. आमच्या हिश्श्यातलेच पैसे, नियमातलेच.

त्यांनी चेककडे बघितलंही नाही. "आत्ता नको," म्हणाल्या. "आधी त्या माणसाकडे जा. काम करून घेतलंय ना त्याने?"

"आई, हे पैसे याच्यासाठीच तर ठेवलेत!"

"जा म्हटलं ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठेवलेले पैसे असेच बघत बसायचं होतं तर खातं काढलं कशाला? दोन दिवस मी धुसफुसत होते, भांडी जरा जास्तच आपटत होते. तिसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि तडक अंबडला गेले.

त्या कारखान्यात त्या दिवशी माझ्याच ड्रॉइंगची वाट बघत होते. शेवटचा संच दिल्याशिवाय त्यांना लोखंड कापता येईना. एरवी मी तो आदल्या रात्रीच मेल करून मोकळी झाले असते. मालक म्हणाले, "मॅडम, आज पाठवताय ना?" मी म्हटलं, "जुनं बिल आज द्या, संच आत्ता पाठवते." ते म्हणाले, अकाउंटंट सुट्टीवर आहे. मी म्हटलं, "मग तो आला की संच घ्या. माझी घाई नाही."

माझी घाई नाही! हे वाक्य माझ्या तोंडून आलं यावर माझाच विश्वास बसेना. आदल्या वर्षी याच खुर्चीत बसून मी, साहेब थोडे तरी द्या ना, असं म्हटलं होतं. आत्ताही पर्समध्ये पेट्रोलपुरतेच पैसे होते. पण त्या खात्यात माझे तीन-चार महिने निघतील एवढं होतं, ते म्हातारीने अडवून धरलं होतं तरी माझंच होतं, आणि ते माहीत असल्यामुळे आवाज कापला नाही. अर्ध्या तासात मालकांनी स्वतःच्या फोनवरून अर्धे पैसे टाकले. उरलेले आठवड्याभरात आले. संच मी ते आल्यावरच पाठवला.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई इतकंच म्हणाल्या, "बघ." मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं, की मी आत जाऊन पोहे परतले. आलेल्या पैशांतला हिस्सा त्याच दिवशी खात्यात टाकला.

डिसेंबरच्या हप्त्याला मात्र त्यांनी कमाल केली. आठ तारखेला म्हटलं, आई, बँकेत जाऊ. म्हणाल्या, डोकं दुखतंय. दहा तारखेला म्हणाल्या, भाजी आणायचीय. घरी चेकवर सही करा म्हटलं तर चष्मा सापडेना, जो डोक्यावरच होता. बारा तारखेला माझा तोल सुटला. त्याच आठवड्यात जुन्या साहेबांचा फोन येऊन गेला होता, जागेचं काय ते नव्या वर्षाच्या आत कळवा म्हणून. हप्ता चुकला की माझा शब्द मला पाळावा लागणार होता.

"तुम्हाला मी नोकरीवरच गेलेली हवीय, हो ना?" मी ओरडले. "सरळ सांगा! पैसे असून हप्ता चुकवायचा, म्हणजे मला मान खाली घालून जावं लागेल!"

 त्या उठल्या, साडी बदलली आणि म्हणाल्या, "चल."

बँक घरापासून चालत दहा मिनिटं.  माझ्या याच शाखेतल्या स्वतःच्या खात्यात रक्कम वळवायची आणि तिथून फोनवर कर भरायचा, एवढंच काम. मी चेक पुढे केला. सासूबाईंनी पेन घेतलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरीही पेन कागदावर टेकलं तसं ते थरथरायला लागलं, आणि त्यांचं ते सुरेख, एका दमात होणारं अक्षर तीनदा तुटलं.

काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर बघितलं, चेककडे बघितलं आणि शक्य तितक्या हळू म्हणाली, "आजी, सही जुळत नाहीये."

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दसऱ्यापासून असं होतंय. घरी सराव केला. वह्या भरल्या. होत नाही." मग म्हणाल्या, "नोव्हेंबरात तुझा चेक परत आला असता. मला माझं वाक्य कोणाकडून ऐकायचं नव्हतं."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. दिवाळीत त्यांनी रांगोळी काढली नव्हती, गुडघे दुखतात म्हणाल्या होत्या. चहा कपबशीतून नाही, पेल्यातून घेत होत्या, तोही दोन्ही हातांनी धरून. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी चेककडे बघत बसले होते. मी त्यांचा तो हात माझ्या हातात घेतला. तिथे, रांगेत, सगळ्यांसमोर मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "गप गं, लोक बघतायत."

आत अधिकारी बाई समंजस होत्या. म्हणाल्या, यात काही अवघड नाही, फॉर्म भरा, ओळखपत्र दाखवा, आज जशी होते तशी सही नमुना म्हणून ठेवू. सासूबाईंनी सही केली, तीन ठिकाणी तुटलेली. मग बाई मला म्हणाल्या, "नाहीतर दोघींपैकी कोणा एकीची सही पुरेल असं करून देऊ का? तुम्हालाही सोपं."

सासूबाई खाली बघत पदराचं टोक सारखं करत होत्या.

"नको," मी म्हटलं. "दोघींच्याच राहू द्या. यांनी अडवलं नसतं तर मी अंबडला गेलेच नसते."

तासाभरात सहीचा नवा नमुना नोंदला गेला आणि पैसे माझ्या खात्यात वळले. बँकेच्या बाकावर बसूनच मी फोनवर हप्ता भरला, पावती सासूबाईंना दाखवली. मग तिथूनच जुन्या साहेबांना फोन लावला, आभार मानले आणि जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणून सांगितलं. त्या कान देऊन ऐकत होत्या.

फोन ठेवला तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे आता मला मार्चपर्यंत धड राहायला पाहिजे."

"मार्च कसला, आई? पुढे जून आहे, सप्टेंबर आहे, परत डिसेंबर आहे. आणि एकही तारीख चुकवायची नाहीये."

त्या हसल्या, आणि उठायला म्हणून तो थरथरता हात माझ्यापुढे धरला.