मेडिंगच्या नावाखाली

मंगळवारी सकाळी साडेदहाला रेमेडिओस पाल्मारेसला कर्मचारी विभागात बोलावलं, तेव्हा तिला वाटलं, रजेच्या अर्जाबद्दल काहीतरी असेल. इलोइलो शहराच्या ला पाझ भागातल्या त्या तपासणी प्रयोगशाळेत रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर ती एकोणीस वर्षं बसत होती. सगळे तिला मेडिंग म्हणत, आणि लहान असलेले मानांग मेडिंग, म्हणजे मेडिंगताई. पेशंटची नावं तिच्या लक्षात राहत, पण त्यांचे आजार ती खिडकीतच विसरून घरी जाई. निदान तिचा तसा समज होता.

कर्मचारी विभागाच्या बाई, मिस त्रिनिदाद, यांनी तिला बसायला सांगितलं आणि एक पाकीट पुढे सरकवलं. आत नोटीस होती. गेल्या गुरुवारी दुपारी बारा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी खिडकी क्रमांक दोनच्या, म्हणजे तिच्याच, संगणकावरून एका महिला पेशंटचा गर्भचाचणीचा रिपोर्ट उघडला गेला. मिनिटभरात त्याच संगणकावरून एक चॅटची साइट उघडली गेली. रविवारी त्या रिपोर्टचं चित्र पेशंटच्या होणाऱ्या सासरच्या मंडळींच्या फोनवर फिरत होतं. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात वापरणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसत होतं: आर. पाल्मारेस.

मेडिंगने कागद दोनदा वाचला. खाली लिहिलं होतं की पाच दिवसांत लेखी खुलासा द्यावा, त्यानंतर चौकशी होईल आणि तोवर तिने कामावर येऊ नये. सोबत संगणक वापराच्या नियमांची प्रत जोडली होती, शेवटच्या पानावर तिचीच सही. दर जानेवारीत सगळे ती सही करत. जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ स्वतःच्या कामासाठी इंटरनेट चालेल, पण पेशंटची माहिती बाहेर पाठवायची नाही. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, वरिष्ठांना नाही, सिस्टीम सांभाळणाऱ्यांनाही नाही. ज्याचं नाव, त्याची जबाबदारी. मोडल्यास ताकीद, बिनपगारी निलंबन, गंभीर असेल तर बडतर्फी. ही पत्रकं खिडकीमागच्या भिंतीवर मेडिंगनेच चिकटवली होती.

ती म्हणाली, "मी त्या वेळी इथे नव्हते, मॅडम. डोळे तपासायला गेले होते. गेटवर नोंद आहे."

"तेच लिहा," मिस त्रिनिदाद म्हणाल्या. "आणि तुम्ही नसताना तुमचं नाव कसं वापरलं गेलं, तेही लिहा."

गेटवरच्या वहीने मेडिंग सुटत होती आणि त्याच वहीने अडकतही होती. आपण नव्हतो हे सिद्ध करायचं, तर आपला पासवर्ड दुसऱ्याकडे होता हे कबूल करावं लागणार होतं.

झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी बाजूच्या खिडकीवरच्या लायकाने चुकीचा पासवर्ड तीनदा टाकला आणि तिचं खातं बंद पडलं. नवा मिळवायला अर्ज भरावा लागे, त्यावर खिडकी विभागाचे प्रमुख नेस्तोर देफेन्सोर यांची सही लागे, मग तो सिस्टीम विभागाच्या जोवेलकडे जाई. रांग दारापर्यंत गेली होती. सर नेस्तोरनी मेडिंगला फोनवर संदेश पाठवला: "लायकाला तुझा पासवर्ड दे, आजचा दिवस निभावू." मेडिंगने एका चिठ्ठीवर लिहून दिला. आजच्या दिवसाचे तीन आठवडे झाले, कारण अर्जावर सही करायचं सरांच्या डोक्यातून निघून गेलं, आणि आठवण कुणीच केली नाही. तसं चालतच होतं. लायकाच्या आधीही दोघींनी मेडिंगचा पासवर्ड वापरला होता.

घरी आल्यावर तिने नोटिशीमागचं दुसरं पान काढलं. ती पेशंटची तक्रार होती. बाई एका शाळेत शिक्षिका होत्या. मेडिंगला त्या आठवल्या. तपासणीचा फॉर्म भरताना त्यांनी चाचणीचं नाव तोंडाने न सांगता बोटाने कागदावर दाखवलं होतं, मागे उभ्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. मेडिंगनेही आवाज न काढता मान डोलावली होती. तक्रारीत रडारड नव्हती. एवढंच लिहिलं होतं की ही बातमी मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला स्वतः सांगणार होते, ती मला सांगू दिली नाही, आणि आज सोमवारी मी शाळेत गेलेले नाही.

बुधवारी सर नेस्तोर घरी आले. मेडिंगच्या नवऱ्याने, बेर्तिंगने, त्यांना कॉफी दिली आणि तो अंगणात आपल्या ट्रायसिकलचं, म्हणजे तीनचाकी रिक्षाचं, चाक काढत बसला, पण कान आत होते. सरांनी आधी तब्येतीची चौकशी केली, डोळ्यांची केली. मग म्हणाले की जास्त लिहू नकोस. तू घाईत निघालीस आणि संगणकाचा पडदा बंद करायचा राहिला, एवढंच लिही. उघड्या संगणकावर कुणीही बसू शकतं. त्याला फक्त लेखी ताकीद मिळते.

"आणि तुमचा संदेश?" मेडिंगने विचारलं.

सरांनी कप खाली ठेवला. "तो तुझ्या फोनमध्ये आहे, मेडिंग. मला दोन वर्षांत निवृत्त व्हायचंय. तुझ्याबद्दल मी आजवर वाकडा शब्द लिहिला नाही."

ते गेल्यावर बेर्तिंग आत आला, हाताला ग्रीस तसंच. तो म्हणाला, "ताकीदच असेल तर लिहून टाक की. एकोणीस वर्षं काय कमी आहेत?" मेडिंगलाही ते पटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

शुक्रवारी दुपारी लायका आली. सव्वीस वर्षांची पोर. खिडकीवर कसं बसायचं, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, रक्ताच्या नळीवरचं लेबल कसं वाचायचं, सगळं तिला मेडिंगने शिकवलेलं. ती दारातच उभी राहिली.

"मानांग, मीच उघडला."

मेडिंगने तिला आत घेतलं. लायका खुर्चीच्या कडेला बसून बोलत राहिली. ती शिक्षिका तिच्या मावसभावाची होणारी बायको. मेडिंग नसताना ती तिच्या खिडकीवर बसली, तेव्हा नाव पडद्यावर दिसलं आणि राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःचं चॅट उघडून ते चित्र फक्त धाकट्या बहिणीला पाठवलं. बहिणीने पुढे पाठवलं. मला वाटलं आनंदाची बातमी आहे, असं ती म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली की नाही, तसं वाटलं नव्हतं, नुसतं सांगावंसं वाटलं.

"मानांग, जोवेल म्हणतो की कुठली साइट उघडली तेवढंच दिसतं. चॅटवर कोण होतं ते दिसत नाही. तुम्ही नाव नाही घेतलं तर..."

"तर माझं नाव आहेच तिथे, इंदाय." धाकट्या पोरींना मेडिंग इंदायच म्हणे.

"तुम्हाला ताकीद मिळेल. मला काढून टाकतील. माझी आई माझ्याच पगारावर आहे."

मेडिंगला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ती म्हणाली, "त्या बाईला तू भेटलीस?" लायकाने मान हलवली. भेटली नव्हती. मेडिंगने तिला पाणी दिलं आणि आपण काय लिहिणार ते सांगितलं नाही, कारण तेव्हा तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी ती लिहायला बसली. "मी संगणक उघडा ठेवून" इथपर्यंत लिहिलं आणि थांबली. उघडा ठेवला नव्हता. ती कधीच उघडा ठेवत नसे. पाणी प्यायला उठली तरी आधी पडदा बंद करी, त्यावरून पोरी तिची थट्टा करत. ते वाक्य तिने खोडलं, कागद फाडला आणि दुसरा घेतला.

पुढच्या बुधवारी चौकशी झाली. लांब टेबलाच्या एका बाजूला मिस त्रिनिदाद, पेशंटच्या माहितीची गोपनीयता सांभाळणारे एक वकील आणि जोवेल. दुसऱ्या बाजूला मेडिंग एकटी. सर नेस्तोर विभागप्रमुख म्हणून खिडकीजवळ बसले होते. एसीचा वारा थेट मेडिंगच्या मानेवर येत होता.

वकिलांनी आधी जोवेलला बोलायला लावलं. त्याने कागद बघून वेळ, संगणकाचा क्रमांक, खात्याचं नाव वाचलं.

"म्हणजे रिपोर्ट या बाईंनी उघडला?"

जोवेलने मेडिंगकडे पाहिलं नाही. "नोंदीत खातं दिसतं, साहेब. खुर्चीवर कोण होतं ते दिसत नाही."

मग मेडिंगची पाळी आली. तिने खुलासा वाचायला घेतला, पण अक्षरं हलायला लागली, म्हणून कागद ठेवून दिला आणि तोंडानेच सांगितलं. पासवर्ड आपण दिला. पहिल्यांदा नाही, आधीही दोघींना दिला होता. नियम माहीत होता, सही आपलीच आहे. त्या दिवशी बारा पाच ते एक दहा आपण बाहेर होतो.

"कुणाला दिला होता?" मिस त्रिनिदादनी विचारलं.

मेडिंगने पर्समधून फोन काढला.

"लायकाला. तिने काय केलं ते तिला विचारा, ती सांगेल. मी का दिला ते इथे आहे." तिने फोन टेबलावर ठेवला. संदेश उघडाच होता.

वकिलांनी तो वाचला आणि फोन मिस त्रिनिदादकडे दिला. सर नेस्तोर उठून म्हणाले की रांग दारापर्यंत होती, दुसरं काय करणार. वकिलांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

निर्णयाचं पत्र नऊ दिवसांनी आलं. लायकाला चौकशीच्या दुसऱ्या दिवशीच नोटीस मिळाली होती, तिने सगळं कबूल केलं आणि तिची नोकरी गेली. सर नेस्तोरना खिडकी विभागातून काढून भांडारात बसवलं. मेडिंगला पंधरा दिवसांचं बिनपगारी निलंबन आणि अंतिम ताकीद: पुन्हा असं झालं तर बडतर्फी. बेर्तिंगने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाला की आता रोज दुपारी जेवायला येतो, तू घरी आहेस तोवर.

निलंबनाच्या दहाव्या दिवशी मेडिंग बाजारात मासळी घेत असताना लायकाची आई समोर आली. मेडिंगने मान झुकवून नमस्कार केला. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताखाली होती म्हणून मी निर्धास्त होते." आवाज चढलेला नव्हता. त्या पुढच्या ठेल्याकडे वळल्या. मेडिंग तिथेच उभी राहिली. मासळीवाल्याने दोनदा विचारलं, तेव्हा कुठे तिने पिशवी पुढे केली.

निलंबन संपलं आणि सोमवारी ती कामावर गेली. खिडकीमागे नवी मुलगी होती, तिने उठून गुड मॉर्निंग मानांग म्हटलं. बाकीच्यांनी मान हलवली आणि त्या आपापल्या पडद्यांकडे बघत राहिल्या. जोवेलने येऊन तिला खातं उघडून दिलं, आणि ती नवा पासवर्ड टाकत असताना पाठ करून उभा राहिला. मेडिंगला एकेक अक्षर शोधायला वेळ लागला. बाहेर रांग वाढत होती. पहिल्या नंबरच्या म्हाताऱ्याने काचेवर टकटक केली.

"आले, तातांग," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला कागद घेतला.