दर महिन्याचं एक नंबरचं बिल

लोणावळ्यातल्या आमच्या रिसॉर्टमध्ये बिलं वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं उद्घाटन झालं, तेव्हा लॅपटॉपला हार घातला होता. नारळ पायरीवर फोडला, कारण आतल्या टाइल्स नव्या होत्या. जनरल मॅनेजर बोलले: यापुढे ईमेलने आलेल्या बिलाचा नंबर, रक्कम आणि देय तारीख आपोआप शीटमध्ये उतरेल, माणसाचा हात लागणार नाही. अकाउंट्स मी सांभाळते. तो हात माझाच होता, तरी टाळ्या वाजवल्या.

प्रोग्रॅम वाईट नव्हता. शंका आलेली बिलं तो 'तपासा' नावाच्या वेगळ्या पानावर टाकायचा. कुणीतरी ती रोज पाहावीत, एवढीच अपेक्षा. मॅनेजरांनी ते पान लपवायला लावलं. सगळं आपोआप होतं म्हटल्यावर कुणी तपासत बसलेलं मालकांना दिसणं त्यांना बरं वाटेना.

आमच्या चादरी-टॉवेल जवळच्या टाकवे गावचे एक भाऊ धुऊन आणतात. दर आठवड्याला मोबाइलवर बिल करून ईमेल करतात. महिना बदलला की त्यांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू. त्याच शीटमध्ये मी हाताने नोंदी करत होते तोवर यात कुणाचं काही अडलं नव्हतं.

दोन महिन्यांनी भाऊ मॅनेजरांच्या केबिनमध्ये आले. मी तिथेच होते.

"साहेब, पैसं आलं न्हाईत. धुणाऱ्या बाया शनिवारपासून येनार न्हाईत म्हणत्यात."

"सिस्टिममध्ये तुमची बिलं नाहीत," मॅनेजर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "म्हणजे ती आलीच नाहीत."

"मग तुमचं पावणं कशावर झोपत्यात?"

माझं डोकं फिरलं. माणूस समोर उभा, त्याने धुतलेल्या चादरी वरच्या खोल्यांत गादीवर, आणि पुरावा कशाचा, तर शीटचा. मी मॅनेजरांसमोरच ते लपवलेलं पान उघडलं. भाऊंची दोन महिन्यांची सगळी बिलं तिथे होती. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, आणि प्रत्येकापुढे शेरा: या पुरवठादाराचा हा नंबर आधी आला आहे, दुबार असू शकतं, खात्री करा. प्रोग्रॅमने विचारलं होतं. उत्तर द्यायला कुणी ठेवलं नव्हतं.

"म्हणजे चूक यांच्या नंबरांची," मॅनेजर म्हणाले.

"नंबराम्होरं महिना लिवतो की," भाऊ म्हणाले. "पर ह्ये पान कोन बगनार, ते सांगा."

शनिवारच्या खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून मॅनेजरांनी संध्याकाळच्या आत पैसे सोडले.

पुढच्या आठवड्यात सर्वांना मॅनेजरांचा ईमेल आला: नव्या प्रणालीने एका पुरवठादाराच्या नोंदींतली त्रुटी शोधून काढली, अभिनंदन. सोबत हारवाल्या लॅपटॉपचा फोटो.

ते पान मी पुन्हा लपवू दिलेलं नाही. सकाळी चहाआधी उघडते, मालक समोर असले तरी.