बन्सीबाबा जेवायच्या आधी

रूथ साळवे आमच्या वरच्या खोलीत आठ-नऊ वर्षं राहत होती. वडील चर्चमध्ये उपदेशक होते, ते गेले आणि राहुरीकडचं घर भावांनी वाटून घेतलं. हिच्या वाट्याला शिलाई मशीन आलं. संगमनेरात येऊन शाळांचे गणवेश शिवायची. जून आला की आमचं छप्पर दिवसभर घरघरायचं, दिवाळीनंतर गप्प व्हायचं. चाळिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही. बोलायची कमी. जिन्यात भेटली तर, "वहिनी, पाणी आलं का?" एवढंच. रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जायची आणि येताना पाव घेऊन यायची, एकटीला पुरतील तेवढे.

तीन वर्षांपूर्वी तिनं बी. ए. ला नाव घातलं तेव्हा मी हसून म्हटलं होतं, "आता कुठं पदवी मिरवणार गं?" तर तिनं खाली बघत सांगितलं, की मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई तीन वर्षांनी जूनमध्ये निवृत्त होणार आहेत. जागा पदवीधर बाईलाच देतात. राहायला दोन खोल्या, आणि भोवती साठ मुली.

"साठ पोरी म्हणजे डोक्याला ताप," मी म्हटलं.

"ताप असू दे. रात्री पडले-झडले तर कोणाला तरी ऐकू जाईल."

खाली आम्ही पाच माणसं राहतो, पण टीव्ही चालू असतो.

शेवटच्या सत्राचा शेवटचा पेपर गुरुवारी होता, अकरा वाजता. त्या संध्याकाळी मी वाळवण काढायला गच्चीवर गेले, तर रूथ जिन्यात भिंतीला टेकून बसलेली. डाव्या हाताला बांबूच्या कामट्या, वरून जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट आवळलेल्या. मांडीवर फुटलेला मोबाईल.

"अगं, हे काय? पेपर?"

"पेपर राहिला, वहिनी."

हळूहळू कळलं ते असं. स्कूटीवरून निघाली होती. कालव्याच्या पुलाजवळ उसाच्या ट्रॉलीतून पडलेलं पाचट रस्त्यावर पसरलेलं, त्यावर चाक घसरलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हातारीनं तिला उचललं, पाणी पाजलं. तिच्या मुलानं ट्रॅक्टरवर घातली आणि दवाखान्यात नेण्याऐवजी नेली थेट डोंगराकडच्या बन्सीबाबाकडं. तिकडं हाड मोडलं की सगळे तिथंच जातात. म्हातारी सारखी मुलाला म्हणत होती, "पळव रं, बाबा जेवायला बसला की मंग हात लावत न्हाई."

"मी म्हणत होते हो, माझा पेपर आहे," रूथ म्हणाली. "तर ती म्हणाली, पेपर काय पळून जातोय व्हय?"

पेपर पळूनच गेला होता. साडेअकरानंतर हॉलमध्ये घेत नाहीत. हात बांधून होईतो बारा होत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मनगटाजवळ हाड मोडलेलं होतं, पण बसलेलं ठीक होतं. डॉक्टर तरुण होता, सरळ. केसपेपरवर त्यानं शुक्रवारची तारीख घातली आणि लिहिलं, की रुग्ण बांबूच्या कामट्या बांधून आली, इजा एक-दोन दिवसांपूर्वीची दिसते, पडल्याची वेळ रुग्णाच्या सांगण्यानुसार. मग कामट्या सोडून प्लास्टर घातलं.

तिथून आम्ही कॉलेजच्या परीक्षा विभागात गेलो. कॉलेज स्वायत्त, त्यामुळं परीक्षा तेच घेतात आणि चुकलेल्या पेपरची फेरपरीक्षाही तेच देतात, पण एकदाच आणि कारण पटलं तरच. नोटीस बोर्डावर नियम लावलेला होता. अपघात, दवाखान्यात भरती, घरातल्या जवळच्या माणसाचा मृत्यू, विद्यापीठाच्या वतीनं खेळायला जाणं, किंवा त्याच वेळी दुसरी सरकारी परीक्षा. अर्ज कामाच्या तीन दिवसांत, पुराव्यासकट. अपघात असेल तर नोंदणीकृत डॉक्टरचा त्याच तारखेचा कागद किंवा पोलिसांची नोंद. नाहीतर 'समितीला पुरेसा वाटेल असा अन्य पुरावा'. फेरपरीक्षा मिळाली नाही तर पुढची संधी पुढच्या सत्रात, म्हणजे निकाल जूनच्या कितीतरी नंतर.

आमच्या पुढं तिच्या वर्गातली अश्विनी होती. तिचा आधीचा एक पेपर आणि पोलीस भरतीची लेखी परीक्षा एकाच वेळी आली होती. तिनं भरतीचं हॉल तिकीट दाखवलं, त्यावर तिथल्या पर्यवेक्षकाची सही. वेळापत्रक लागलं तेव्हाच तिनं अर्जही देऊन ठेवला होता. परीक्षा अधिकारी आरती मॅडमनी पाहिलं, शिक्का मारला, झालं.

मग रूथचा नंबर. मॅडमनी केसपेपर दोनदा वाचला.

"हा आजचा आहे."

"हो. काल मी बन्सीबाबांकडं होते."

"त्यांचा कागद?"

"ते कागद देत नाहीत."

"साळवेबाई, हात मोडलाय हे मला दिसतंय हो. पण पेपरच्या आधी मोडला की संध्याकाळी, हे यातून कसं कळणार? आणि डावा हात आहे. कोणी म्हणेल, उजव्यानं लिहायचं होतं. काल तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"घरी कोणाला फोन केला?"

"घरी कोणी नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "ज्यांनी तुम्हाला उचललं, त्यांचं लेखी निवेदन आणा, ओळखपत्रासकट. मी समितीपुढं ठेवते. सोमवारी दुपारी बैठक आहे, त्यानंतर मुदत संपली." मग अर्जावर बोट ठेवलं. "इथं पालकांची सही राहिली."

रूथनं पेन घेतलं आणि त्या रिकाम्या जागेवर आडवी रेघ मारली. मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, "चालेल, चालेल. मोठ्या विद्यार्थ्यांना लागत नाही ती."

बाहेर अश्विनी थांबलेली. "ताई, कशाला वस्त्या हुडकत फिरता? स्टँडमागं एक डॉक्टर आहे. म्हणाल त्या तारखेचं सर्टिफिकेट देतो."

"पण मी काल त्याच्याकडं नव्हते ना," रूथ म्हणाली.

"मग काय झालं?"

"मग मी कुठं होते ते खरं कोणालाच माहीत नाही, असं होईल."

अश्विनीला ते कळलं नाही. मलाही घरी आल्यावर कळलं.

अडचण अशी की रूथनं त्या मायलेकांची नावंच विचारली नव्हती. आपल्याकडं उचलणारा नाव सांगत नाही आणि पडलेला विचारत नाही. रविवारी ती चर्चला गेली नाही. माझ्या मुलाच्या गाडीवर मी तिला कालव्याच्या पुलापाशी घेऊन गेले. तीन वस्त्या पालथ्या घातल्या. कुत्री अंगावर आली. एकीनं आम्हाला जनगणनेवाल्या समजून घरातली माणसं मोजून दाखवली. चौथ्या वस्तीवर एक म्हातारी गवताचा भारा टाकून उभी राहिली.

"आगं बया! पेपरवाली!"

ही राहीबाई. तिचा मुलगा मच्छिंद्र कांद्याची गाडी घेऊन बाहेरगावी गेलेला, चार दिवस येणार नव्हता. मी सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत होती, पण नजर प्लास्टरवर.

"बाबानं बांधल्यालं सोडलं व्हय तुमी? आता बाबा बोलंल मला." मग रूथकडं वळून, "तुजं कोन हाय गं मागं?"

"कोणी नाही, मावशी."

"मंग त्या दिशी का न्हाई सांगितलं? मी म्हनलं, घरची मानसं वाट बघत आसतील, म्हनून रस्त्यावरच उतरून दिली."

मी लिहून आणलेलं निवेदन पुढं केलं तर म्हातारीनं हात मागं घेतला. "तुमी काय लिवलंय मला काय ठावं? मीच येते. तोंड हाय की मला."

सोमवारी ती खरंच आली. डोक्यावर पदर, पिशवीत आधार कार्ड आणि रूथसाठी कडकडीत भाकरी. कारकुनानं तिचं सांगणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. एका ठिकाणी तो अडला.

"आजी, विद्यार्थिनीशी नातं काय?"

"रस्त्यात गावली."

"तसं नाही, नातं."

"न्हाई, त्येच. रस्त्यात गावली."

समितीत आरती मॅडम, प्राचार्य आणि भूगोलाचे कल्याण सर. आम्ही बाहेरच्या बाकावर होतो, दार अर्धवट उघडं. प्राचार्य विचारत होते, "आजी, तुम्ही हिला किती वाजता उचललं?"

"आमच्याकडं कुठं घड्याळ?"

"मग सकाळ की दुपार?"

"आवं, बाबाकडं नेली म्हंजी सकाळच की! जेवल्यावर तो हाडाला हात लावतो व्हय?"

प्राचार्य पुण्याकडचे. त्यांना वाटलं म्हातारी विषय सोडून बोलतेय. तेवढ्यात कल्याण सर हसल्याचा आवाज आला.

"सर, हे बरोबर आहे. माझा खांदा लहानपणी त्यांनीच बसवला. बन्सीबाबा सोमवारी आणि गुरुवारीच बांधतात, तेही उपाशीपोटी. बारा वाजले की जेवतात आणि मग आमदार आला तरी परत पाठवतात. अर्ध्या तालुक्याला माहीत आहे."

कागद सरकवल्याचा आवाज. आरती मॅडम म्हणाल्या, "आणि शुक्रवारी सकाळी सरकारी डॉक्टरनं कामट्या बांधलेल्या पाहिल्यात. त्यानं तसं लिहिलंय. म्हणजे बांधल्या गुरुवारी, बाराच्या आत."

"आणि आजींचं निवेदन आहे," प्राचार्य म्हणाले. "बाबांना फोन करून खात्री करा. मग द्या फेरपरीक्षा."

बाबांकडं फोन नव्हता. कल्याण सरांनी त्यांच्या शेजारच्या किराणा दुकानात लावला. बाबांनी निरोप पाठवला तो एवढाच: बांधली होती, आणि प्लास्टर घातल्याबद्दल तिला सांगा, मी रागावलोय.

राहीबाईला एस. टी. त बसवताना रूथ तिचा हात सोडेना. म्हातारीच म्हणाली, "सोड गं, गाडी हालली." खिडकीतून तिनं काहीतरी सांगितलं, ते इंजिनाच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही.

फेरपरीक्षा मे महिन्यात झाली. प्रश्नपत्रिका नवी, हॉल तोच. त्या विषयाला राहिलेली ती एकटीच. रूथनं नंतर सांगितलं, चाळीस बाकांत एकाच बाकावर नंबर टाकलेला होता. शिपायानं एकटीसाठी घंटा दिली, अर्ध्या तासानं पुन्हा दिली, शेवटची दहा मिनिटं राहिल्याची दिली. पर्यवेक्षक बाईंनी रिकाम्या हॉलकडं बघत नेहमीसारखं सांगितलं, "एकमेकांशी बोलायचं नाही."

"मला हसू आलं, वहिनी," ती म्हणाली. हसत मात्र नव्हती.

निकाल वेळेत लागला. द्वितीय श्रेणी. मिशनचं पत्र आलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो दारात उभा राहिला. मशीन, एक कपाट, वडिलांचं बायबल, दोन पातेली. जायच्या आधी तिनं राहीबाईच्या वस्तीवर चक्कर मारली, पण दाराला कुलूप होतं. म्हातारी लेकीकडं गेली होती म्हणे. पावाची पिशवी तिनं कडीला अडकवून ठेवली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मागून पोरींचा कालवा. कोणीतरी ओरडत होतं, "बाई, हिनं माझी बादली घेतली!"

"पडलीस तर ऐकू जाईल का गं आता?" मी विचारलं.

"ऐकू जाईल. पण वहिनी, रात्री दहाला दिवे बंद केले की साठ पोरी गप झोपतात आणि माझी खोली पार टोकाला आहे." मग म्हणाली, "मी दार थोडं उघडं ठेवते."

आमची वरची खोली अजून रिकामीच आहे. शाळा सुरू झाल्या तरी छप्पर घरघरलं नाही. परवा वर काहीतरी धप्पकन पडलं म्हणून मी टीव्ही बंद करून जिना चढून गेले. वाऱ्यानं खिडकी आपटली होती.